लग्नाची पंगत : कोणाला कोठे बसवावे?

लग्नाच्या जेवणात एखादा पदार्थ कमी पडला तर लोक आठ दिवस बोलतात. बसण्याची जागा चुकली तर मात्र काही माणसे दहा-दहा वर्षे बोलत नाहीत. असे असूनही लग्नघरी आचाऱ्याशी चार बैठका होतात, बुंदी की जिलेबी यावर रात्र जाते आणि कोण कोठे बसणार याचा विचार मात्र "येतील तसे बसतील" या तीन शब्दांत आटोपला जातो. आमच्या वसाहतीतील लग्नांची व्यवस्था पाहण्याचे काम आम्हा चार-पाच मंडळींकडे बरीच वर्षे आहे. त्या अनुभवातून एकाच प्रश्नाविषयी येथे लिहावयाचे आहे. वडीलधाऱ्यांचा मान, एकमेकांचे तोंड न पाहणारे नातेवाईक आणि ज्यांना पटकन उठून बाहेर जाता आले पाहिजे अशी माणसे, या तिघांची सोय एकाच पंगतीत कशी लावावी?

बुफेने हा प्रश्न सुटतो असे पुष्कळांना वाटते. तरुणांपुरता सुटतोही. पण गुडघे धरलेल्या माणसाने एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन रांगेत कसे उभे राहावे? म्हणून बुफे असलेल्या लग्नातही निदान साठ-सत्तर जणांची टेबल-खुर्चीची एक पंगत करावीच लागते, आणि ती पंगत नेमकी याच अवघड मंडळींची असते.

प्रथम जागेचे गणित पाहू. आम्ही ज्या लग्नाचे उदाहरण घेत आहोत ते मागच्या वर्षी कल्याणच्या बाजूला झाले. पाहुणे सव्वातीनशेच्या वर, म्हणजे धरून चालू 330. जेवणाची खोली 52 फूट लांब आणि 32 फूट रुंद. एका टोकाला मुख्य दार, समोरच्या टोकाला भटारखान्याचे दार. मुख्य दारातून आत आले की डाव्या हाताच्या भिंतीत जवळजवळ मधोमध आणखी एक लहान दार होते. त्यातून बाहेर गेले की हात धुण्याची बेसिने आणि शौचालय. हे लहान दार पुढे फार कामाला आले, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

भाड्याने मिळणारे टेबल बहुधा 6 फूट लांब आणि दीड फूट रुंद असते. पंगतीत माणसे टेबलाच्या एकाच बाजूला बसतात, कारण दुसऱ्या बाजूने वाढपी चालतो. माणशी 2 फूट धरले तर एका टेबलाला तीन ताटे. या खोलीत लांबीच्या दिशेने चार रांगा बसल्या. पहिली आणि दुसरी रांग एकमेकींकडे तोंड करून, मध्ये वाढप्यासाठी 4 फुटांची वाट. तिसरी आणि चौथी तशीच. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या पाठी एकमेकींकडे, त्यांच्यामध्ये 3 फूट. प्रत्येक रांगेत सात टेबले म्हणजे एकवीस माणसे आणि चार रांगांत चौऱ्याऐंशी. म्हणजे सव्वातीनशे माणसांच्या चार पंगती. एक पंगत जेवून उठायला पस्तीस मिनिटे आणि टेबले पुसून पुन्हा मांडायला दहा. बाराला सुरुवात केली तर शेवटची पंगत तीनला उठते.

आता या मांडणीत आम्ही एक बदल केला. सात टेबले सलग न लावता मुख्य दाराकडून तीन टेबले, मग 4 फूट मोकळी वाट, मग उरलेली चार टेबले अशी प्रत्येक रांग तोडली. मधली वाट बरोबर त्या लहान दारासमोर आली. आचाऱ्याच्या माणसाने लगेच सांगितले की, साहेब, या वाटेत प्रत्येक रांगेला आणखी दोन खुर्च्या बसतात. बसतात खऱ्या, पण बसवू नयेत. सलग एकवीस खुर्च्यांच्या रांगेत मधल्या माणसाला बाहेर पडायचे असेल तर दहा जणांच्या पाठीमागून जावे लागते. पाठची वाट कागदावर 3 फूट दिसते, पण माणूस जेवायला बसला की खुर्ची मागे सरकवतो. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या नऊ-नऊ इंच सरकल्या की उरते दीड फूट. तेथून धडधाकट माणूस आडवा होऊन जातो, वॉकर जात नाही. चाकांची खुर्ची जायची तर सगळी माणसे बसलेली असताना निदान 3 फूट मोकळे राहिले पाहिजेत.

मोकळ्या वाटेला दुसरेही कारण आहे आणि ते अधिक गंभीर आहे. 1995 च्या डिसेंबरात हरियाणातील डबवाली येथे एका मंगल कार्यालयाच्या मांडवात शाळेचा समारंभ चालू असताना आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुले पुष्कळ होती. बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. म्हणून दाराशी आहेराचे टेबल, कोल्ड्रिंकची खोकी, आईस्क्रीमची गाडी यांपैकी काहीही आम्ही लावू देत नाही. यावरून दोनदा वाद झाले आहेत. आम्ही ऐकून घेतो आणि खोकी हलवतो.

रांगा तोडल्यामुळे टोकाच्या खुर्च्या वाढल्या. प्रत्येक रांगेला दाराकडचे एक टोक, मधल्या वाटेच्या दोन्ही काठांची दोन आणि भटारखान्याकडचे एक. यांतील भटारखान्याकडचे टोक धरायचे नाही. तेथे गरम आमटीच्या बादल्या घेऊन माणसे धावत असतात, म्हाताऱ्या माणसाला तेथे बसवणे धोक्याचे आहे. म्हणजे चार रांगांत मिळून कामाच्या खुर्च्या बारा. सुटसुटीत बाहेर पडता येईल अशा एका पंगतीत बाराच जागा असतात, हे एकदा कळले की यादी करणे भाग पडते.

यादी करताना "आजारी कोण" असे विचारू नये. कोणी सांगत नाही. आम्ही दोन्ही घरच्या एकेका जाणत्या बाईला विचारतो : जेवताना मध्येच कोणाला उठावे लागते? कोणाला अमक्या वेळेला निघायचेच आहे? या दोन प्रश्नांत सगळे येते. लघवीच्या गोळ्या घेणारे, मधुमेहाचे, पाजते मूल असलेल्या आया, दिवस भरत आलेली सून, छातीची शस्त्रक्रिया झालेले शेजारी, तीनची एस.टी. गाठून गावी जाणारे, संध्याकाळच्या पाळीला हजर व्हायचे असलेले. या लग्नात अशी अकरा नावे निघाली.

येथे वृद्ध स्त्रियांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्नाच्या दिवशी पुष्कळ आज्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बाथरूम कोठे आहे, वाट किती लांब, तेथे ओले-निसरडे असेल का, कोणाला सोबत बोलवावे, या विचाराने तहान मारून बसतात. मग भर उन्हात तीनच्या सुमारास चक्कर येते आणि सगळे म्हणतात की गर्दीचा त्रास झाला. पंगतीत हे ओळखणे सोपे आहे. ताट अर्धे झाले, मठ्ठ्याला नको म्हटले आणि पाण्याचा पेला भरलेला तसाच आहे, अशी आजी दिसली की समजावे, तिची जागा चुकली आहे. तिला लहान दाराजवळच्या काठावर आणून बसवले, दार बोटाने दाखवले, सोबतीला नात दिली, की पेला रिकामा होतो. हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

आता खरी गाठ. नवरदेवाचे वडील तीन भावांतले मधले. थोरले चुलते शहात्तर वर्षांचे, धाकटे सत्तरीचे. मूळ गाव कोकणात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात घरची काही जमीन गेली, तिच्या मोबदल्याच्या वाटणीवरून थोरले आणि धाकटे यांचे बोलणे थांबले त्याला नऊ वर्षे झाली. मधले दोघांशीही बोलतात. दोघेही लग्नाला येणार हे नक्की होते, कारण पुतण्या दोघांचा लाडका. थोरल्यांना प्रोस्टेटचा त्रास, अर्ध्या तासाला उठावे लागते. धाकटे स्वतः ठणठणीत, पण त्यांच्या मंडळींच्या खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली, त्या वॉकर घेऊन चालतात. म्हणजे ज्या दोन घरांना एकमेकांपासून दूर ठेवायचे त्या दोन्ही घरांना दाराजवळची जागा हवी. मानही सारखाच हवा.

अशा वेळी सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे एकाला पहिल्या पंगतीत आणि दुसऱ्याला दुसऱ्या पंगतीत बसवणे. हा उपाय दिसतो सोपा, पण दोन कारणांनी तो फसतो. ज्याला दुसरी पंगत मिळाली तो ते जन्मभर मोजतो. "आम्हाला उष्ट्या टेबलावर बसवले" हे वाक्य आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकले आहे. दुसरे कारण पंगत बदलताना दिसते. पहिली पंगत बाहेर पडत असते आणि दुसरी दाराशी उभी असते. साडेतीन-चार फुटांच्या दारात ते दोघे अगदी समोरासमोर येतात. ज्यांना अर्धा तास दूर ठेवले त्यांना आपणच एका चौकटीत आणून उभे केले असे होते. म्हणून भांडणातल्या दोन्ही बाजूंचे वडीलधारे एकाच पंगतीत, शक्यतो पहिल्याच पंगतीत बसवावेत असे आमचे मत झाले आहे.

मग एका पंगतीत कोठे? येथे पंगतीच्या रचनेचा एक गुण उपयोगी पडतो. समोरासमोरच्या रांगांत बसलेली माणसे वाढप्याच्या वाटेवरून पस्तीस मिनिटे एकमेकांची तोंडे पाहत असतात. मान खाली घालून जेवले तरी समोरचा दिसतोच. ही सर्वांत वाईट जागा. पाठीला पाठ लावून बसवले तर दिसत नाही, पण ऐकू येते आणि खुर्चीला खुर्ची लागते, तीही मुद्दाम लागली असे वाटते. पण एकाच रांगेत, एकाच बाजूला, मध्ये सहा-सात माणसे ठेवून बसवले तर दोघे एकमेकांना दिसत नाहीत. दिसायचे तर मुद्दाम पुढे वाकून पाहावे लागते, आणि तसे वाकून पाहायचे नाही हाच तर भांडणाचा नियम असतो! शिवाय रांग एक, म्हणून मान एक.

पहिली रांग लहान दाराच्या भिंतीलगत होती. तिच्या मुख्य दाराकडच्या तीन टेबलांवर नऊ जागा. यांतील मुख्य दाराकडच्या टोकाला धाकट्या काकूंना बसवायचे ठरले, वॉकर मिटून त्यांच्या पाठीशी भिंतीला. त्यांच्या शेजारी धाकटे काका. नववी जागा मधल्या वाटेच्या काठावर, लहान दाराच्या तोंडाशी. ती थोरल्यांची. मध्ये सहा माणसे. काकूंची जाण्या-येण्याची वाट मुख्य दाराने, थोरल्यांची लहान दाराने. जेवताना कोणीही कितीदा उठले तरी दोघांच्या वाटा कोठेही एकमेकींना छेदत नाहीत. कागदावर हे जमले तेव्हा आम्हाला बरे वाटले.

पण कागदावरची मांडणी माणसाला सांगावी लागते. नवरदेवाचे वडील आदल्या दिवशी थोरल्यांकडे गेले आणि म्हणाले, "दादा, तुमची जागा आम्ही दाराजवळ ठेवली आहे, म्हणजे तुम्हाला उठा-बसायला बरे पडेल." थोरले थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दारापाशी बसायचे दिवस संपले असे मला वाटले होते."

या एका वाक्यात काय काय आहे हे या स्मरणिकेच्या वाचकांना फोडून सांगायला नको. पण विद्यार्थी हे वाचतील, म्हणून सांगतो. थोरल्यांच्या लहानपणी गावातल्या मोठ्या घरच्या लग्नात आपल्या माणसांना बोलावणे असे ते पंगती उठल्यावर, आणि बसण्याची जागा गोठ्याच्या पलीकडे, पत्रावळ आपली आपण नेलेली. वरून पडेल ते घ्यायचे. आपण कोठे बसून काय खातो याचा राग इतरांना किती येत असे, याचे एक उदाहरण बाबासाहेबांनी 1936 साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये नोंदवून ठेवले आहे. जयपूर संस्थानातील चकवारा गावी एका अस्पृश्य गृहस्थाने तीर्थयात्रेहून परतल्यावर आपल्याच लोकांना जेवण दिले, त्यात तूप वाढले, म्हणून लाठ्या घेतलेल्या जमावाने चालू पंगतीवर हल्ला केला. ज्यांच्या घरात अशा आठवणी आहेत त्या म्हाताऱ्या माणसाला "तुमची सोय म्हणून दाराशी बसा" असे सांगितले तर त्याला सोय ऐकू येत नाही, दार ऐकू येते.

आतली जागा मानाची आणि दाराची हलकी, ही समजूत वादाने जात नाही. म्हणून वृद्धाला आतून उठवून दाराकडे आणण्यापेक्षा मानच दाराकडे न्यावा. पंगतीत मान कशाने ठरतो? आमच्या मते तो तीन गोष्टींनी ठरतो. व्याही कोठे बसले, वाढायला सुरुवात कोठून झाली आणि यजमानाने स्वतःच्या हाताने गोड पदार्थ पहिल्यांदा कोणाच्या ताटात घातला. या तिन्ही गोष्टी आपल्या हातात असतात आणि त्यांना पैसा लागत नाही.

त्याप्रमाणे मांडणी पुरी झाली. थोरल्यांच्या शेजारी, आठव्या जागेवर, खुद्द व्याही म्हणजे मुलीचे वडील. धाकट्यांच्या शेजारी तिसऱ्या जागेवर विहीणबाई. चौथ्या जागेवर त्यांची बहीण. पाचवीवर आत्या, म्हणजे या तिन्ही भावांची एकुलती बहीण, आणि सहावीवर आतोबा. सातव्या जागेवर नवरदेवाचे शाळेतले जुने मास्तर. आत्या मध्यभागी बसल्याने कोणत्या भावाकडे त्या जास्त झुकल्या हा प्रश्न उरला नाही. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, हाही एक योगच म्हणायचा. सर्व मान्यवर या नऊ खुर्च्यांत बसल्यामुळे पंगतीचे डोके आपोआप दाराकडे आले. थोरल्यांना पुन्हा जाऊन सांगितले ते असे : "दादा, व्याही तुमच्याजवळ बसणार आहेत, तुम्ही त्यांना सांभाळा." यावर त्यांनी जागेची चौकशीही केली नाही.

वाढण्याच्या क्रमाचेही बोलून ठेवावे लागते. एरवी वाढपी भटारखान्याच्या बाजूने सुरू करतात, कारण ती बाजू त्यांना जवळ. मग शेवटच्या ताटापर्यंत वरण-भात पोहोचेपर्यंत पहिल्याची पुरी संपलेली असते. मधुमेहाच्या माणसाला गोळी घेऊन दहा मिनिटे ताटाकडे पाहत बसवणे हे तर धोक्याचेच. आम्ही पहिल्या रांगेच्या या तीन टेबलांसाठी दोन वाढपी वेगळे मागून घेतले. एकाने दाराच्या टोकाकडून आणि दुसऱ्याने मधल्या वाटेकडून एकाच वेळी सुरुवात करायची आणि आत्यांच्या ताटाशी भेटायचे. दोन्ही भावांच्या ताटात पहिला पदार्थ एकाच क्षणी पडला. बुंदी नवरदेवाच्या वडिलांनी स्वतः वाढली, पहिली मूठ थोरल्यांना आणि तशीच चालत येऊन दुसरी धाकट्यांना. वयाचा क्रम असल्याने त्याला हरकत कोणी घेत नाही.

बाकीच्या सोयी थोडक्यात सांगतो. मुलीची आजी चाकांच्या खुर्चीवर होती. तिच्यासाठी दुसऱ्या रांगेत मधल्या वाटेच्या काठावरची एक खुर्ची काढून टाकली. मात्र अशी खुर्ची टेबलाखाली सरळ जात नाही, तिचे हात फळीला अडतात आणि टेबलाच्या पायांमधली आडवी दांडी पावलांना लागते. सकाळीच रिकामी खुर्ची नेऊन पाहिले म्हणून कळले. टेबलाला दोन विटांचा आधार देऊन उंच केले. विटा पक्क्या बसल्या की नाहीत हे हलवून पाहावे, नाहीतर न केलेले बरे. एस.टी. गाठणारे तिघे, त्यांत नवरदेवाचे मामाही होते, तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या दाराकडच्या टोकांजवळ बसले. त्यांच्या पिशव्या खुर्चीखाली न ठेवता दाराशी एका मुलाच्या ताब्यात दिल्या. पाजत्या आयांना शौचालयाच्या बाजूला बसवू नये, त्यांना तिसऱ्या-चौथ्या रांगेत मधल्या वाटेचे काठ दिले.

वेळेच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी सोय आहे. आपल्या लग्नाला मुहूर्त नसतो, त्यामुळे विधीची वेळ जेवणाच्या सोयीने ठरवता येते. भन्तेजी दुपारी बारानंतर भोजन घेत नाहीत, म्हणून विधी साडेदहाला ठेवला आणि त्यांचे भोजन सव्वाअकराला वेगळ्या खोलीत झाले. त्यानंतर आहेर आणि फोटो सुरू होतात. नेमक्या याच वेळी, पंगतीचे दार सर्वांना उघडण्याच्या दहा मिनिटे आधी, जागा ठरलेल्या चोवीस मंडळींना आत नेऊन बसवायचे. चौऱ्याऐंशी जागांपैकी चोवीसच आपण ठरवतो, साठ मोकळ्याच असतात. त्याहून जास्त ठरवायला गेलो तर लोकांना हिशेब घेतल्यासारखे वाटते आणि मांडणीही सांभाळत नाही.

खुर्चीवर नावाची चिठ्ठी लावण्याचा प्रयोग काहींनी केला. आमच्या मते तो करू नये. चिठ्ठी वाचायला चष्मा लागतो, चिठ्ठी उडते, आणि कोणाचे नाव कोठे हे सर्वांना वाचता येते, मग तुलना सुरू होते. त्याऐवजी चार तरुण मुले-मुली घ्यावीत, प्रत्येकाला सहा माणसे वाटून द्यावीत. चिठ्ठी आपल्याजवळ, खिशात. त्या मुलाने मंडपात जाऊन "काका, चला, आई बोलावते आहे" असे म्हणून हात धरून आणावे. खुर्ची राखण्यासाठी तिच्या पाठीवर एक पांढरा पंचा टाकून ठेवला तर बहुतेक लोक तेथे बसत नाहीत. जो बसतोच, त्याच्याशी वाद न घालता त्याला व्याह्यांच्या समोरची जागा दाखवावी. तो खुशीने उठतो.

फोटोवाल्याला आधी सांगून ठेवणे मात्र विसरू नये. वडीलधाऱ्यांचे फोटो पहिल्यांदा उरकून घ्यावेत. नाहीतर दोन घास खाल्ले न खाल्ले तोच "तिन्ही भावांचा एक फोटो" म्हणून हाक येते, दोघे भाऊ एकदम उठतात आणि सगळी मांडणी एका मिनिटात मोडते. एका लग्नात हे असेच झाले होते आणि नऊ ताटे तशीच निवली.

सर्वांत नाजूक वेळ जेवण संपल्यावरची असते. आपल्याकडे पंगत एकदम उठते, हे चांगलेच आहे, पण चौऱ्याऐंशी माणसे आणि बेसिने चार. त्या रांगेत कोण कोणाच्या मागे उभा राहील हे कोणाच्याच हातात नसते. म्हणून पहिल्या रांगेच्या नऊ जागांना तांब्या आणि घमेले घेऊन दोन मुलांनी जागेवरच हात धुवायला दिले. त्यामुळे धाकटे आणि काकू बेसिनकडे वळलेच नाहीत, मुख्य दाराने सरळ बाहेर पडले. थोरले लहान दाराने गेले. पान-सुपारीचे तबक एकच ठेवले असते तर दोघे तेथे भेटले असते, म्हणून तबके दोन केली होती, एकेक दाराशी एकेक.

या मांडणीने भांडण मिटते असा आमचा दावा नाही. त्या दिवशीही दोघे भाऊ बोलले नाहीत. जमिनीचा मोबदला पंगतीत वाटता येत नाही. त्यांना बळेच शेजारी बसवून समेट घडवू पाहणारे हौशी लोक प्रत्येक लग्नात असतात, त्यांना आम्ही वाढपाच्या कामाला लावतो.

दुसऱ्या पंगतीपासून हे सगळे सोडून द्यावे. राखीव पंचे काढून घ्यावेत आणि लोकांना हवे तेथे बसू द्यावे. फक्त मधल्या वाटेच्या आठ काठांवर एक मुलगी शेवटपर्यंत उभी ठेवावी. उशिरा आलेली एखादी आजी, झोपलेले मूल खांद्यावर घेतलेली एखादी सून तिला दारातच दिसते आणि ती खुर्ची मोकळी करून देते. त्या लग्नात तिसऱ्या पंगतीला भटारखान्याच्या माणसाने मधल्या वाटेत पुन्हा खुर्च्या आणल्या होत्या, कारण बाहेर माणसे खोळंबली होती. त्या मुलीने त्या परत पाठवल्या. आठ माणसे दहा मिनिटे बाहेर थांबली आणि चौथ्या पंगतीत नवरा-नवरीबरोबर जेवली.